काटा येईपर्यंत

चहाच्या कपाच्या तळाशी तीळ होते. एखादा असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. चांगले दहा-बारा होते. मी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला, तरी ते तीळच. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला भांड्याच्या तळाशी काही उरलं की बरं वाटतं. काय विरघळलं, काय नाही, आणि का, याची उत्तरं त्याच्याकडे तयार असतात. इथे उत्तर नव्हतं. चहा मी संपवला होता आणि तो रोजच्यापेक्षा अंमळ गोडच लागला होता. सून ओट्याशी उभी होती. “बाबा, चहा बिघडला का?” सेजल मुंबईत काळाचौकीत वाढलेली, त्यामुळे तिच्या प्रश्नात काळजी आणि घाई सारख्याच मापाने असतात. मी म्हटलं, “चहात तीळ आहेत.” ती हसली. “तीळ कुठून येणार? शुगर संपली होती, म्हणून वरच्या फळीवरच्या बरणीतली टाकली. ती गोल गोल. मला वाटलं, आईंनी स्पेशल आणून ठेवली असेल.” मी उठलो, वरच्या फळीवरून ती बरणी काढली. एरवी तिच्याभोवती गुंडाळलेला असणारा जुन्या लुगड्याचा तुकडा ओट्यावर नीट घडी करून ठेवलेला होता. बरणी दोन बोटं रिकामी झाली होती. मी झाकण घट्ट लावलं, कापड गुंडाळलं आणि कॉलेजला गेलो. त्या दिवशी अकरावीला ‘संपृक्त द्रावण’ होतं. ते मी शिकवलं असणार, कारण कुणी तक्रार केली नाही.

ती साखर नव्हती. तो हलवा होता, अर्धा झालेला. संजीवनी, म्हणजे माझी बायको, दर पौषात तो घरी करायची. पांढरे तीळ निवडून हलके भाजायचे. साखरेचा पाक करून त्यात थोडं दूध घालायचं, मळी वर आली की काढायची, आणि गाळून पाक एकतारी ठेवायचा. मग शेगडीवर विस्तवाची नुसती धग, तिच्यावर परात, परातीत तीळ. त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ हलवत राहायचे, ते सुके होईपर्यंत. मग पुन्हा चमचाभर. असं रोज पहाटे दोन-तीन तास, आठ-दहा दिवस, दाण्यांवर काटा येईपर्यंत. मी तिला एकदा सांगितलं होतं की बाजारात पुण्याचा हलवा पाव किलोच्या पुड्यात मिळतो, आणि आपल्या गावात या वेगाने काम करणारी दुसरी संस्था फक्त तहसील कचेरी आहे. ती म्हणाली, “तहसील कचेरीला काटा येत नाही.” गेल्या वर्षी तिने संक्रांतीच्या दहा दिवस आधी तीळ घेतले. दोन दिवसांत दाणे पांढरे, गुळगुळीत, ज्वारीएवढे झाले. तिसऱ्या पहाटे ती परातीपाशी बसली आणि म्हणाली, “आज हाताला धग लागत नाहीये.” मी पेपर वाचत होतो. म्हटलं, कोळसा ओला असेल. कोळसा चांगला होता. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी ‘हृदय’ हा शब्द उच्चारला तेव्हा माझ्या हातात अजून तोच पेपर होता. तेराव्यानंतर परातीतले दाणे बरणीत मीच भरले. ते खायचे नव्हते, टाकायचे नव्हते. आमच्या विषयात अशा पदार्थाला ‘नमुना’ म्हणतात. त्याला लेबल लावून कपाटात ठेवतात.

घरात मृत्यू झाला की लग्न वर्षाच्या आत तरी करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मुलाचं, किशोरचं, ठरलेलं होतं, म्हणून वैशाखात उरकलं. त्यामुळे दारात आलेली सेजल आणि दारातून गेलेली संजीवनी यांच्यात जेमतेम चार महिन्यांचं अंतर राहिलं. सेजलने सासूला एकदाच पाहिलं होतं, पसंतीच्या दिवशी, आणि तेव्हाही दोघी पोह्यांत मीठ कमी आहे की नाही एवढंच बोलल्या होत्या. वर्षश्राद्ध तिथीने डिसेंबरच्या शेवटी झालं. आता सण करायला हरकत नव्हती, आणि ही नव्या सुनेची पहिली संक्रांत. शेजारच्या बनुबाई, ज्यांनी आमच्या घराची देखरेख कुणी न सोपवता स्वीकारलेली आहे, त्या संध्याकाळी दारात येऊन म्हणाल्या, “सर, सुनेचा पहिला सण. काळी साडी घेतलीत ना? आणि हलव्याचे दागिने कोण करणार? सासूनं करायचे असतात ते.” सासू, असं म्हणून त्या थांबल्या. मी म्हटलं, विकत आणू. बनुबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी परीक्षेत गाईडातलं उत्तर लिहिणाऱ्या पोराकडे पाहतो. त्यांनीच मग सेजलला स्वयंपाकघरात बरणीची हकीकत सांगितली असावी, कारण ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. “बाबा, तुम्ही सांगायचं ना मला. मी असं कशाला केलं असतं?” मी म्हणालो, “असू दे.” हे दोन शब्द मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी वापरले आहेत, त्यातून माफी पोचते असा माझा समज होता. पण त्यानंतर दोन दिवस मला तिच्याशी दुसरं काही बोलताच येईना. ती चहा ठेवायची, मी तो प्यायचो, आणि कपाच्या तळाशी बघून घ्यायचो. तीही बघत असायची, मी बघतो का ते. किशोर एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला. त्याला घरात नेमकं काय चाललंय याचा पत्ता नव्हता, आणि त्याला तो लागावा अशी आमची कुणाची इच्छाही नव्हती.

तिसऱ्या दिवशी सेजलची आजी आली. ठकूबाई. पोलादपूरहून उमरठच्या बाजूला एसटी जाते, ती सोडून वर तासभर चढलं की त्यांची वाडी. पाच घरं, गुरं, आणि वरकस, हलक्या जमिनीच्या उतारावर नाचणी, वरी, तीळ. बाकी सगळं कुटुंब मुंबईला. वाडीवर उरल्या या आणि म्हशी. डोक्यावर गाठोडं, कपाळ मोकळं, पायात स्लिपर. गाठोड्यात गुळाची ढेप आणि फडक्यात बांधलेले काळसर तीळ. “मास्तर, पोरगी फोनाव रडली. पोलादपुराच्या दुकानवाल्यानं सांगावा धाडला. काय झाला ता बगाया आली.” मी म्हटलं, काही नाही झालं. “मंग दाखवा ती बरनी.” बरणी दाखवायची नाही असं मी ठरवलं होतं, आणि ठरवता ठरवताच ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन दाणे तळहातावर घेतले, उजेडात धरले, अंगठ्याने फिरवले. “चांगलं बसलंय पूट. बायकोचा हात हलका व्हता तुमच्या.” मग सहज, म्हशीच्या धारेबद्दल बोलावं तसं म्हणाल्या, “सा दिस हायत. कोऱ्या तिळावनं सुरू केलं तर व्हायचं नाय. ह्यावंच पुढं पाक चढवाय लागंल.”

मी नाही म्हणालो. मला वाटतं, मी ओरडलोच. सेजल दारात आली. ठकूबाई मुळीच दचकल्या नाहीत. “का नाय?” का नाही, हे सांगायला मला त्यांच्यासमोर ‘नमुना’ हा शब्द वापरावा लागला असता. तिच्या हाताचं एवढंच शिल्लक आहे, असं सांगता आलं असतं, पण ते खरं असलं तरी सदऱ्याच्या आतलं होतं. मी म्हटलं, “दागिने करून पुढे काय होतं त्यांचं?” “काय व्हयाचा? पोरगी अंगाव घालंल, हळदीकुंकू व्हईल, मंग उतरवायचे आनि वाटून टाकायचे. लोक खानार.” “म्हणजे संपणार.” “तिळगूळ संपायलाच असतो, मास्तर. न्हायतर त्यो करायचा कशापायी?” मग गाठोडं सोडता सोडता त्या सांगत राहिल्या. वर डोंगरात या दिवसांत थंडी अशी की हाताची साल उलते, ओठ फाटतात. तीळ पोटात गेला की आतनं तेल लागतं, गुळानं ऊब येते. वर्षभर बांधावरनं भांडण असलं तरी त्या दिवशी पाचही घरांत वाटी फिरते. ज्या दारात नाही गेली, ते घर जिवंत नाय असं वाटतं. “रामा म्हनून माजा दीर व्हता. बांध फोडला म्हनून माजा मालक त्याच्याशी पंदरा वर्सं बोलला नाय. पन संक्रातीला हात फुडं करायचा. त्यो बी घ्यायचा. एक सबूद नाय दोघांचा. खाऊन परत भांडायला मोकळे.” सेजल म्हणाली, “आजी, हे तर सीझफायर झालं.” “असंल,” ठकूबाई म्हणाल्या. बरणी अजून त्यांच्याजवळच होती, आणि मी ती परत मागितली नाही.

त्या हे काम शिकल्या कशा, असं मी विचारलं. लग्नाआधी चार हिवाळे त्या महाडात एका मिठाईवाल्याच्या घरी धुण्याभांड्याला होत्या. तिथल्या म्हातारीचे हात भाजायचे म्हणून परात यांच्याकडे आली. “शेकडो बायांचे दागिने झाले माज्या हातचे. माज्या अंगाव येकदा बी नाय. आमच्यात तवा गूळ मिळाला तरी लय.” हे सांगताना आवाजात कसलीही तक्रार नव्हती, मला अशी वाक्यं ऐकायची सवय नाही, कॉलेजात सगळे प्रत्येक वाक्यात तक्रार घालून बोलतात. आता मात्र त्यांची बोटं संधिवाताने वाकलेली. परात त्यांना झेपणार नव्हती. सेजलकडे बघून म्हणाल्या, “नवरीनं आपले दागिने आपन करायचे नस्तात.” म्हणजे उरलो मी. पंचावन्न वर्षांचा, संपृक्त द्रावणाचा जाणकार.

पहिल्या पहाटे मी त्यांना समजावून सांगितलं की पाकातलं पाणी उडतं, साखर पृष्ठभागावर स्फटिकरूपात बसते, कोरडी थंड हवा असली की स्फटिक वाढतो. त्या ऐकून घेत होत्या, मग म्हणाल्या, “बोलून झालं आसंल तर पाक सोडा.” मी सोडला. दाण्यांचे गोळे झाले. “लय घातलात. चमचा अर्धा. आनि बोटं अशी, घासायची नाय, दाना नुसता लोळवायचा.” परात तापली होती. बोटांच्या टोकांना चटका बसला, मी हात मागे घेतला, आणि एकदम मला संजीवनीची बोटं आठवली, पौषात नेहमी लाल, टोकांना साल गेलेली. मी दरवर्षी ती पाहिली होती आणि दरवर्षी मला वाटलं होतं, थंडीने असेल. सत्तावीस पौष. एका माणसाने सत्तावीस वर्षं चुकीचं निरीक्षण नोंदवावं आणि त्याला त्याबद्दल कुणी नापास करू नये, हे आश्चर्य आहे. गोळे हळूहळू सुटले. दुसरा चमचा. हलवणं. सुकणं. तिसरा. दाराच्या फटीतून वारा आला की ठकूबाई उठून तिथे पोतं लावायच्या. मधूनच चाळणीने सुटी पूड काढून टाकायची. तीन तासांनी दाणे होते तेवढेच दिसत होते. मी म्हटलं, काहीच झालं नाही. “झालं,” त्या म्हणाल्या, “तुमाला दिसत नाय.”

दुसरा दिवस तसाच, तिसराही. मला वाटलं होतं की तिच्या दाण्यांवर माझा थर चढताना मला काहीतरी मोठं वाटेल. वाटलं ते एवढंच की कंबर दुखते आणि डाव्या पायाला मुंग्या येतात. पण तिसऱ्या पहाटे केव्हातरी बोटांना ठेका सापडला, आणि मी विचार करायचा थांबलो. म्हणजे मला कळलं की या आधी मी थांबलो नव्हतो, वर्षभर. परातीत दाण्यांचा एक बारीक आवाज येतो, कोरड्या वाळूवरून पाणी मागे सरकतं तसा. तुडीलला लहानपणी सावित्रीच्या काठी मी तो ऐकला होता, आमचं मूळ घर तिथलं, आणि आजवर मला त्या आवाजाची आठवण असल्याचं माहीतच नव्हतं. समोर सेजल बसली होती. तिला परातीला हात लावायला बंदी, म्हणून ती कोळसे बघत होती. एखादा फुलला की चिमट्याने बाजूला करायची. आम्ही बोललो नाही, पण ते आदल्या दिवसांचं न बोलणं नव्हतं. एकदा तिने हळूच विचारलं, “बाबा, आई गाणं वगैरे म्हणायच्या का हे करताना?” मी आठवायचा प्रयत्न केला. “नाही. आकडे मोजायची. किती चमचे झाले ते. चुकली की मला विचारायची.” “तुम्हाला माहीत असायचं?” “नाही. मी काहीतरी सांगायचो.” सेजल हसली. मलाही हसू आलं, आणि त्याच वेळी एक चमचा जास्त पडला. ठकूबाईंनी दोघांना एकत्र शिवी दिली.

चौथ्या पहाटे थंडी एवढी होती की नळाचं पाणी दातांना लागत होतं. तिसऱ्या की चौथ्या पाकानंतर मला बोटांखाली काहीतरी वेगळं लागलं. आधी वाटलं, कचरा. मी हात उचलला. ठकूबाई पुढे वाकल्या, माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, “थांबा. आता हलक्या हातानं. आला.” मी चष्मा लावून परातीवर वाकलो. प्रत्येक दाण्याच्या अंगावर बारीक टोकं उभी राहत होती. पाक सुकत होता तसतशी ती माझ्या डोळ्यांदेखत वर येत होती, चारी बाजूंनी, पांढरी, इतकी बारीक की श्वास लागला तर मोडतील असं वाटलं, म्हणून मी श्वास धरला. शेकडो दाणे, एकही दुसऱ्यासारखा नव्हता. स्फटिक का वाढतो ते मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. बाण काढून, तापमान घालून. फळ्यावरचं सगळं बरोबर होतं आणि इथे त्याचा काही उपयोग नव्हता. गुळगुळीत होता तोवर तो तिचा दाणा होता आणि माझा थर होता. काटा आला आणि ते वेगळं सांगता येईना. मी तिच्या कामाच्या आतही नव्हतो, बाहेरही नव्हतो. सेजल कुजबुजली, “बाबा, हे जिवंत आहे.” मी तिला दुरुस्त केलं नाही. ठकूबाईंनी, ज्यांनी हे शेकडो वेळा पाहिलं असेल, डोक्यावरचा पदर नीट केला, देवळात शिरताना करतात तसा.

पुढचं सगळं बायकांनी ताब्यात घेतलं. पाचव्या दिवशी हलवा पूर्ण वाळला. बनुबाई पांढरा दोरा आणि सोनेरी कागद घेऊन आल्या, एकेका दाण्याला फास टाकून मंगळसूत्र, बांगड्या, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा ओवला. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वालपापडी, वांगं, गाजर, हरभरा घातलेली भाजी झाली. संक्रांतीच्या सकाळी सेजलने पाच सुगडं पुजली. त्यांत उसाचे करवे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या आणि ठकूबाईंच्या काळ्या तिळाचा, त्यांच्याच गुळाचा तिळगूळ. लाडू वळताना पाक गरम, हात ओले करून भराभर वळायचे. आजी-नात एकमेकींना “गो, लवकर, गो, आवळलं बघ” करत होत्या. मी ओवलेल्या दागिन्यांतून उरलेला मूठभर हलवा कुणाचं लक्ष नसताना सदऱ्याच्या खिशात टाकला. चोरी म्हणण्याइतकं ते मोठं नव्हतं. मला तो बरणीत परत ठेवायचा होता.

संध्याकाळी हळदीकुंकू. काळ्या साडीवर पांढरे दागिने घालून सेजल पाटावर बसली, आणि आळीतल्या बायका आत जाताना गप्प होत होत्या. ज्या बायका डॉक्टरांसमोरही गप्प होत नाहीत, त्या. हळदीकुंकू, अत्तर, गुलाबपाणी, ओटीत बोरं-हरभरे, तिळगूळ, आणि वाण म्हणून साबण ठेवायच्या प्लॅस्टिकच्या डब्या, ज्या सेजलने मुंबईहून डझनाने मागवल्या होत्या. मी बाहेर ओटीवर खुर्ची टाकून बसलो. खांबाला टेकून ठकूबाई बसल्या होत्या. मी म्हटलं, “आजी, आत नाही गेलात?” “तुमी नाय गेलात?” “मी पुरुष.” “आनि मी अशी,” त्यांनी मोकळ्या कपाळाकडे बोट केलं. माझंही माणूस गेलंय, पण मला कुणी कपाळावरून ओळखत नाही. माझं आत न जायचं कारण निराळं, त्यांचं निराळं, आणि दोघं ओटीवर एकत्र. सेजलने आतून दोनदा हाक मारली होती, “आजी, ये ना गो, कोण काय बोलत नाही.” त्यांनी हात हलवून नाही म्हटलं होतं. “आडकाठी हळदीकुंकवाला हाय. तिळगुळाला कुनाला आडकाठी नाय, त्यो हितं बी येईल.”

मग त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. “मास्तर, त्यो तिथं इतळंल.” मी खाली पाहिलं. सदऱ्यावर ओलसर डाग पडला होता, दिवसभराचा घाम. मी हात घातला, मूठ बाहेर काढली. काही काटे मोडले होते, बरेच शाबूत होते. आत सेजल उठली असावी. बायकांचा गलबला झाला, दागिने उतरत होते, दोरे तुटत होते, कुणीतरी “मला बिंदीतले दे, मला बिंदीतले” म्हणत होतं. वर्षभराचं आणि सहा दिवसांचं ते सगळं आता पंचवीस तोंडांत चाललं होतं. मला वाटलं होतं, मला ते ऐकवणार नाही. मी ऐकत राहिलो. बायका एकमेकींना “गोड बोला” म्हणत होत्या, आणि त्यांच्यातल्या दोघी-तिघी तरी गणपतीपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे मला बनुबाईंकडून माहीत होतं.

मी मूठ उघडून ठकूबाईंपुढे धरली. “घ्या, आजी.” त्यांनी सगळा हलवा माझ्या तळहातावरून आपल्या वाकड्या ओंजळीत घेतला. चार दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून ते जिभेवर लोळवले. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांसाठी केलेला हलवा पहिल्यांदा कुणी त्यांना हातात दिला होता का, हे विचारायचं माझ्या मनात आलं, विचारलं नाही. मग त्या म्हणाल्या, “आता तुमी.” मी त्यांच्या ओंजळीतला दाणा घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ओंजळ मागे ओढली. “आपल्या हातानं नाय घ्यायचा. मोट्यानं द्यायचा. मी मोटी हाय तुमच्यापरास.” तेवढ्यात सेजल दारात आली, गळ्यात तुटका दोरा, हातात वाटी, आम्हाला तसं बघून तिथेच थांबली. मी खुर्चीवरून उतरलो. गुडघे वाजले. पंचावन्न वर्षांचा माणूस ओटीवर वाकून एका डोंगरातल्या म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवतो, तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्याला काय वाटेल, याचा विचार मी दुसऱ्या कुठल्याही दिवशी आधी केला असता. त्यांनी माझ्या तळहातावर ओंजळ रिकामी केली. “तिळगूळ घ्या, मास्तर. आनि त्या पोरीशी बोला.”

मी सगळा हलवा एकदम तोंडात टाकला. जिभेला काटे टोचले. सेजल वाटी धरून समोर उभी होती, वाट बघत, आणि मला तिला सांगायचं होतं की त्या दिवशीचा चहा चांगला झाला होता. पण तोंड भरलेलं होतं. मी बोट वर करून तिला थांब म्हणालो. ती थांबली. आम्ही तिघंही थांबलो, विरघळेपर्यंत.